‘करंट सीटीसी किती?’ असं विचारल्यावर काय सांगायचं

प्रश्न: मी चिपळूणची, एम.एस्सी. केमिस्ट्री. लोटे एमआयडीसीत क्यूसीत पाच वर्षं झाली. सीटीसी ३.९ लाख, हातात साडेसव्वीस हजार येतात. तळोज्याच्या फार्मा कंपन्यांसाठी कन्सल्टन्सीतून फोन येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, ‘करंट सीटीसी किती?’ आकडा सांगितला की ऑफर त्याच्यावरच तीस टक्के धरून येते. न सांगता अपेक्षा कशी सांगायची? मैत्रीण म्हणते, सरळ पाच लाख सांगून टाक.

उत्तर: आधी मैत्रिणीच्या सल्ल्याचं बघू. खोटा आकडा अजिबात सांगू नका. सध्याचा पगार न सांगणं हा तुमचा हक्क आहे, पण चुकीचा सांगितला तर ती फसवणूक ठरते. ऑफर लेटरमध्ये ‘दिलेली माहिती खोटी आढळल्यास नियुक्ती रद्द’ अशी ओळ जवळपास नेहमीच असते. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या की पाच लाखांचं बिंग तिथल्या तिथे फुटतं, आणि तोपर्यंत तुम्ही कदाचित लोट्याला राजीनामाही दिलेला असतो. मी रायगड-रत्नागिरीतल्या केमिकल आणि फार्मा कंपन्यांसाठी भरतीचं काम करत आलो आहे. चांगला इंटरव्ह्यू दिलेली मुलं याच एका गोष्टीपायी हातची नोकरी घालवताना पाहिली आहेत.

आपल्याकडे सध्याचा पगार विचारायला कायद्याची मनाई नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून नोकरी देणाऱ्याला हा प्रश्न विचारता येत नाही, तसं काही भारतात नाही. पण तुम्ही सांगितलंच पाहिजे असंही कोणता कायदा म्हणत नाही. त्यामुळे सगळं बोलण्यावर येतं, आणि बोलण्यासाठी समोरचा हे का विचारतोय ते कळायला हवं.

कन्सल्टन्सीतल्या माणसापुढे एक एक्सेल शीट उघडी असते, तिला ते ट्रॅकर म्हणतात. त्यात नाव, सध्याची कंपनी, एकूण अनुभव, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड, राहण्याचं ठिकाण असे रकाने असतात. संध्याकाळपर्यंत चार-पाच नावं कंपनीच्या एचआरकडे पाठवायची असतात आणि रकाने रिकामे राहिले तर एचआर शीट परत पाठवतं. म्हणजे फोनवरच्या मुलीला तुमच्या पगारात फारसा रस नसतो, तिला शीट भरून हवी असते. शिवाय कन्सल्टन्सीची फी बहुतेक वेळा उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीवर टक्क्यांनी ठरते. ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा सर्रास चालणारा दर आहे. तुमचा पगार वाढला तर तिचं नुकसान होत नाही. तिला भीती एकाच गोष्टीची असते: तुम्ही कंपनीच्या बजेटबाहेरचं मागाल, ऑफर येईल, तुम्ही नाकाराल आणि तिची मेहनत फुकट जाईल.

म्हणून नुसतं ‘पगार सांगणार नाही’ म्हणालात तर तिच्या हाती काहीच लागत नाही आणि तुमचं नाव मागे पडतं. नकार आणि अपेक्षेचा आकडा एकाच दमात यायला हवा. साधारण असं:

‘मॅडम, सध्याचा पगार मी या टप्प्यावर सांगत नाही. माझी अपेक्षा वर्षाला फिक्स्ड सहा ते साडेसहा लाख आहे, व्हेरिएबल त्याच्या वर. एचपीएलसी आणि जीसी मी स्वतः चालवते, ओओएसचा तपास केला आहे, ऑडिटला सामोरी गेले आहे. या जागेचं बजेट त्यात बसतंय का?’

यात माफी नाही आणि लांबलचक कारणंही नाहीत. ‘आमच्याकडे पगार फार कमी आहे हो, म्हणून सांगत नाही’ असं चुकूनही म्हणू नका, आकडा न सांगता सगळं सांगून टाकल्यासारखं होतं ते. वाक्याचा शेवट मात्र प्रश्नाने करा. प्रश्न विचारला की पुढचं बोलणं बजेटवर जातं. बऱ्याच वेळा तिथेच उत्तर मिळतं, ‘साडेपाचपासून सातपर्यंत आहे’ किंवा ‘नाही हो, पाचच्या वर जात नाहीत’. दुसरं उत्तर आलं तर तळोज्यापर्यंतची एक खेप वाचली.

ती पुन्हा विचारणारच. ‘मॅडम, क्लायंटला मँडेटरी आहे, त्याशिवाय प्रोफाइल पुढे जात नाही.’ हे कधी खरं असतं, कधी नुसती सवय असते. तेव्हा आवाज न चढवता म्हणा, ‘रकान्यात “ऑफरच्या टप्प्यावर सांगेन” असं लिहा आणि अपेक्षा सहा ते साडेसहा फिक्स्ड लिहा. एचआरला अडचण असेल तर मी त्यांच्याशी बोलते.’ माझ्या अनुभवात इथे बहुतेक जणी पुढे सरकतात, कारण अपेक्षेचा आकडा त्यांना मिळालेला असतो. तिसऱ्यांदाही अडवलं तर निर्णय तुमचा. जागा मनासारखी असेल आणि दुसरी वाट नसेल तर खरा आकडा सांगा, पण त्यालाच लागून सांगा: ‘३.९ आहे, पण तो घरी राहून लोट्यात काम करतानाचा आहे. तळोज्याला येण्यासाठी माझी अपेक्षा सहा फिक्स्डच आहे, ती या पगारावर टक्के लावून काढलेली नाही.’ उशिरा सांगावा लागला तरी आकडा एकटा सोडायचा नाही.

आता हा सहाचा आकडा कुठून आला ते बघू. तिथे कच्चे राहिलात तर वरची सगळी वाक्यं पोकळ वाटतील. आंब्याची पेटी वाशीला गेली की भाव तिथल्या आवकेवर आणि मालावर ठरतो, बागेत खताला किती गेले ते कोणी विचारत नाही. तुमच्या कामाची किंमतही तळोज्यातल्या त्या जागेवर ठरायला हवी. पण तुमचा तळ तुम्हाला तुमच्याच खर्चावरून काढावा लागेल.

तुमच्या साडेसव्वीस हजारांचा हिशोब असा धरू: घरी ८,०००, स्वतःचा खर्च ८,५००, शिल्लक १०,०००. भाडं नाही, जेवण घरचं, कंपनीची बस. तळोज्याला गेलात की कामोठे किंवा कळंबोलीत दोघी-तिघींत फ्लॅट घ्याल. तुमच्या वाट्याचं भाडं ८,०००, जेवणाचे ५,५००, लाइट-गॅस-नेटचे १,०००, महिन्यातून एक-दोनदा गावी यायचे १,५०० धरा. हे झाले १६,०००. घरी आता ६,००० देता असं धरलं, स्वतःचा खर्च तोच ८,५००, तर एकूण ३०,५०० होतात. आजच्याइतकीच १०,००० शिल्लक हवी असेल तर हातात ४०,५०० यायला हवेत. एवढं आलं तरी तुम्ही आज जिथे आहात तिथेच आहात, पुढे गेलेल्या नाहीत. हे आकडे मी धरलेले आहेत. भाड्याचा खरा आकडा आधीच तिकडे गेलेल्या मैत्रिणीला विचारून घाला आणि डिपॉझिट वेगळं बाजूला ठेवा.

आता तीस टक्क्यांच्या ऑफरचं काय होतं बघा. ३.९ लाखांवर तीस टक्के म्हणजे ५.०७ लाख. ऐकायला बरं वाटतं, सव्वा लाखाच्या आसपास वाढ. त्यातले दहा टक्के व्हेरिएबल धरले तर ५०,७०० रुपये वर्षअखेरीस, तेही मिळाले तर. उरले ४,५६,३००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ जातो. बऱ्याच कंपन्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच तो भरतात, म्हणजे महिना १,८००, वर्षाला २१,६००. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के. बेसिक सीटीसीच्या निम्मं धरलं तर साधारण १२,२००. ग्रुप मेडिक्लेमचे ७,८०० धरू. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं पण दरमहा हातात पडत नाही. उरतात ४,१४,७००, महिन्याला साधारण ३४,५५०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात साडेबत्तीस हजार. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही.

तुमचा तळोज्यातला खर्च ३०,५००. म्हणजे तीस टक्के वाढ घेऊन, घर सोडून, दरमहा शिल्लक दहा हजारांवरून दोन हजारांवर येते. टक्क्यांच्या हिशोबाची खरी खोट ही आहे. एचआर तुम्हाला फसवत असतं असं नाही, त्यांच्याकडे तसा अंतर्गत नियम असतो आणि तो लावायला त्यांना मूळ आकडा लागतो. गावात राहून कमी पगारावर काम केलेल्या माणसावर मात्र तो नियम फार अन्याय करतो, आणि कोकणातून पनवेल, पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा होताना मी बघतो.

उलट्या दिशेने मोजलं तर हातात ४०,५०० येण्यासाठी फिक्स्ड साधारण साडेपाच लाखांच्या थोडं वर लागतं. हा तुमचा तळ, तो फक्त तुमच्या वहीत. फिक्स्ड सहा लाख मिळाले तर त्याच पद्धतीने हातात ४४,००० च्या थोडं वर येतात, म्हणजे आजच्यापेक्षा साडेतीन हजारांहून थोडी जास्त शिल्लक राहते. म्हणून बोलताना खालचा आकडा सहा. पट्टा सांगितला की समोरचा खालचं टोकच धरतो, तेव्हा खालचं टोक तुम्हाला मनापासून मान्य असलेलं हवं. पट्टा पन्नास हजारांचाच ठेवा. ‘पाच ते सात’ असं सांगणाऱ्याला पाच मिळतात.

सहा लाख बाजारात बसतात का, हे मात्र तपासायला लागेल. लोट्याहून तळोजा, महाड किंवा पाताळगंगेला गेलेल्या दोन-तीन जणांना विचारा, पण ‘तुला किती?’ असं विचारू नका. ‘पाच वर्षांच्या क्यूसी माणसाला तुमच्याकडे काय देतात?’ असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. त्यातही तयार औषधं बनवणारी कंपनी, बल्क ड्रग बनवणारी कंपनी आणि नुसतं केमिकल बनवणारी कंपनी यांच्या पगारात फरक असतो. परदेशी ऑडिट होणाऱ्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला जास्त मिळतं. तुमचं काम केमिकलमध्ये झालं असेल आणि जागा फार्माची असेल तर तिथे थोडी खेच होईल, हे मनाशी ठेवा. सगळ्यांचं उत्तर साडेपाचच्या आतच आलं, तर अपेक्षा चुकीची नाही, पण ती नोकरी तुमच्यासाठी घर सोडण्याइतकी नाही.

आणखी एक वाक्य टाळायचं: ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या’. नम्रपणा म्हणून आपल्याकडची मुलं-मुली हे हमखास म्हणतात. एचआर त्याचा अर्थ ‘मिळेल ते चालेल’ असा घेतं, आणि मग अपेक्षेचा रकाना भरायला सध्याचा पगारच उरतो.

ऑनलाइन फॉर्मचं वेगळं. तिथे `Current CTC` हा रकाना बऱ्याचदा सक्तीचा असतो. काही ठिकाणी शून्य टाकलेलं चालतं. शून्य बघून कोणीही समजतं की उमेदवाराने सांगितलेलं नाही, त्यात फसवणूक नाही. खाली शेरा लिहायची जागा असेल तर ‘सध्याचा पगार ऑफरच्या वेळी’ एवढं लिहा. अपेक्षेचा आकडा मात्र सध्याच्या रकान्यात टाकायचा नाही, तो खोटेपणाच होतो. जॉब पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये शून्य टाकण्याचा एक तोटा आहे. रिक्रूटर पगाराची गाळणी लावून शोधतात आणि शून्यवाली प्रोफाइल त्यांना बऱ्याचदा दिसत नाही. फॉर्मवरच माहिती खरी असल्याची सही असेल आणि शून्य चालत नसेल, तर खरा आकडा भरा किंवा फॉर्म सोडून द्या.

खरी कसोटी इंटरव्ह्यूनंतर लागते. निवड झाली की कंपनीचं एचआर मेल करतं, ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, बँक स्टेटमेंट पाठवा, मग ऑफर काढतो.’ इथे क्रम उलटा करून घ्यायचा. असं लिहा: ‘निवडीबद्दल धन्यवाद. फिक्स्ड सहा लाखांचं पूर्ण ब्रेकअप कृपया पाठवा. ते मान्य झालं की ऑफर स्वीकारताना सगळी कागदपत्रं पडताळणीसाठी देते.’ तुम्ही कागद देणार नाही असं म्हणत नाही, कधी देणार ते सांगताय. आकडा लेखी ठरल्यावर स्लिप गेली तर तिचा उपयोग तुम्ही तिथे खरंच काम करत होता का एवढं बघायला होतो. आधी गेली तर तिच्यावर टक्के लागतात.

काही जण अनुभवाचा पुरावा म्हणून पीएफचं पासबुक मागतात. त्यात दरमहा भरलेली रक्कम दिसते. तुमचा पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर १२ टक्क्यांवरून कोणीही बेसिक काढू शकतो. त्याऐवजी यूएएनच्या पोर्टलवर लॉगिन करून `View` मधलं `Service History` पान द्या. त्यात कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलीत एवढंच असतं आणि अनुभवाच्या पडताळणीला ते पुरतं.

क्रम उलटा करून मिळाला नाही, एचआर म्हणालं ‘स्लिपशिवाय आमच्या सिस्टीममध्ये ऑफर तयारच होत नाही’, तर ते खरं असू शकतं. मोठ्या कंपन्यांत मंजुरीच्या फॉर्ममध्ये जुना पगार भरल्याशिवाय पुढची सही होत नाही. अशा वेळी स्लिप द्या, पण त्याच मेलमध्ये लिहा की आपलं फिक्स्ड सहा लाखांवर बोलणं झालं आहे आणि निर्णय त्यावरच घेणार आहे. मग ५.२ ची ऑफर आली तर फोन करून शांतपणे सांगा, ‘इंटरव्ह्यूच्या आधीपासून मी सहा सांगितले होते. घर सोडून यायचं तर साडेपाचच्या खाली मला जमणार नाही हे मी हिशोब करून सांगतेय.’ इतका वेळ झाकलेला तळ इथे पहिल्यांदा उघडा करायचा, आणि तो खरा तळ असायला हवा. लवकर रुजू होता येत असेल तर तेही इथेच वापरा. लोट्याला तुमची नोटीस एक महिन्याची असेल आणि बाकीचे उमेदवार तीन महिने मागत असतील, तर प्लँटला माणूस हवा असताना त्याला चांगली किंमत आहे.

काही ठिकाणी हे सगळं करू नये. सरकारी उपक्रमात पगार श्रेणीवर ठरतो आणि वेतन-संरक्षण हवं असेल तर जुन्या पगाराचा दाखला तुम्हालाच पुढे करावा लागतो. तुमचा सध्याचा पगार त्या जागेच्या बजेटच्या जवळ किंवा वर असेल तर तो लपवण्यात काही अर्थ नाही, उलट पहिल्याच फोनवर सांगून टाकावा. ओळखीतून चाललेल्या लहान कंपनीत मालक लोट्यातल्याच कोणाला फोन करून तुमचा पगार काढून घेतो, तिथेही झाकाझाकी फुकट. आणि नव्या कंपनीत आर्थिक वर्षाच्या मध्येच रुजू झालात तर टीडीएससाठी जुन्या नोकरीतलं त्या वर्षाचं उत्पन्न तिथले अकाउंट्सवाले सहसा मागतात. तोवर तुमचा आकडा सहीनिशी ठरलेला असतो, त्यामुळे त्याची धास्ती नको.

ब्रेकअप हातात आलं की वरच्याच पद्धतीने ते खालपर्यंत मोजा. व्हेरिएबल फिक्स्डच्या आत घुसवलं आहे का, कंपनीच्या बसचे पैसे कापणार आहेत का, आणि पीएफ १,८०० आहे की पूर्ण बेसिकवर, हे तीन प्रश्न लेखी विचारा. पूर्ण बेसिकवर असेल तर हातात कमी येईल पण तो पैसा तुमच्याच खात्यात साठतो, तेवढ्यासाठी ऑफर नाकारू नका. बसचे दोन हजार मात्र गेले ते गेले. लोट्यातला राजीनामा सहीचं ऑफर लेटर आणि रुजू होण्याची तारीख हातात आल्यावरच टाका, ‘सिलेक्शन झालंय, लेटर येतंय’ या फोनवर टाकू नका.